दूध संकलनाचा सिंक जॉब: क्रॉनला लावण्याआधी स्टेजिंगवर काय काय चालवून बघायचं?

शाहूपुरीचा_सुजित · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. राधानगरी आणि भुदरगड तालुक्यातल्या सहा दूध संस्थांचं काम घेतलंय. प्रत्येक संस्थेत संकलनाचा पीसी आहे. काट्यावरून लिटर आणि मशीनवरून फॅट-एसएनएफ थेट त्या पीसीवरच्या मायएसक्यूएलमध्ये पडतं. आमच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस आहे. माझी पायथन स्क्रिप्ट सर्व्हरवरून व्हीपीएनने एकेका पीसीला जोडते, मागच्या वेळेनंतर बदललेल्या नोंदी उचलते आणि आमच्या टेबलात टाकते. नोंद पडली की सभासदाला मोबाईलवर मेसेज जातो आणि दर दहा दिवसांचं बिलही त्याच टेबलातून निघतं.

दर १५ मिनिटांनी क्रॉनने चालवायचा विचार आहे. लॅपटॉपवर सगळं नीट चालतंय. पण बिलाचा मामला आहे, शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे कमी-जास्त पडले तर दुसऱ्या दिवशी संस्थेच्या दारात माणसं उभी राहतील. म्हणून सर्व्हरची हुबेहूब प्रत उभी करून तिथे आधी चालवणार आहे. सॅम्पल म्हणून एका संस्थेच्या पहिल्या ५०० नोंदी घेऊ का? आणि काय काय तपासलं म्हणजे क्रॉन चालू करायला हरकत नाही?

---

मेघा_गारगोटी · मंगळवार, रात्री १०:०५

सुजितदादा, एवढा घाट घालायची गरज नाही असं मला वाटतं. स्क्रिप्टला ड्राय-रनचा पर्याय दे. किती नोंदी नव्या येणार, किती बदलणार ते नुसतं छापायचं, लिहायचं काही नाही. थेट चालू सर्व्हरवरच चालव, आकडे डोळ्यांनी बघ, बरोबर वाटले की लिहायला परवानगी दे. आम्ही ऑफिसात हजेरीचा डेटा असाच आणतो, कधी अडचण आली नाही.

---

शिरोली_फौंड्री · मंगळवार, रात्री १०:३०

मेघाताईंशी सहमत. -n लावल्याशिवाय सिंक कधीच चालवू नका. आमच्याकडे पॅटर्नच्या ड्रॉइंगचं फोल्डर रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जातं, rsync ला --delete लावलेलं. एका रात्री मूळ डिस्क माउंटच झाली नव्हती. फोल्डर होतं, आत काहीच नव्हतं. rsync ला वाटलं मालकाने सगळं काढून टाकलंय, त्यानेही पलीकडचं सगळं पुसलं. सकाळी मोल्डिंगला ड्रॉइंग नाही. जुन्या पेनड्राइव्हवरून जमवाजमव केली. तेव्हा सुजित, तुमच्या rsync मध्ये --delete असेल तर आधी काढा.

---

शाहूपुरीचा_सुजित · मंगळवार, रात्री १०:४५

दादा, माझं फाइलींचं नाही, डेटाबेसच्या नोंदींचं आहे, rsync यात नाही. पण समोरून रिकामं आलं तर काय करायचं हा प्रश्न मलाही लागू आहे. लिहून ठेवतो.

---

अण्णा_मंगळवारपेठ · मंगळवार, रात्री ११:२०

मेघा, तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ड्राय-रन असावाच. पण तो लिहीत नाही, म्हणून लिहिताना जे बिघडतं ते त्यात कधीच दिसत नाही. युनिक की चुकीची असेल, तारीख टेबलात पडताना सरकत असेल, तीच नोंद दुसऱ्यांदा आल्यावर दुप्पट होत असेल, यातलं काहीही "३६ नोंदी येणार" एवढ्या छापील ओळीतून कळणार नाही. त्यासाठी खरोखर लिहू द्यावं लागतं, आणि तेच पुसता येईल अशा जागी.

सुजित, आता तुझी प्रत. सर्व्हरची इमेज घेऊन दुसरी मशीन उभी करणार म्हणतोस. त्या इमेजमध्ये क्रॉनटॅबही जसंच्या तसं येतं हे ध्यानात घे. सिंक जॉब अजून क्रॉनमध्ये नाही, पण मेसेज पाठवणारा जॉब नक्की असणार. प्रत सुरू झाली की तोही सुरू होणार, रांगेतले न गेलेले मेसेज उचलणार, खऱ्या गेटवेची चावी त्याच्याकडे आहेच. मग तू सॅम्पल नोंदी टाकल्यास की रात्री साडेअकराला एखाद्या म्हातारबाबाला "आज सकाळी ६.५ लिटर, फॅट ७.२" असा मेसेज. लोक दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन येतील.

म्हणून क्रम असा ठेव. मशीन पहिल्यांदा बाहेरचं नेटवर्क बंद ठेवूनच चालू कर. आत जाऊन आधी सगळ्या युझरची क्रॉनटॅब बघ, फक्त स्वतःची नाही, /etc/cron.d सुद्धा. ती थांबव. मग कॉन्फिगमधली गेटवेची चावी काढ आणि उत्पादन डेटाबेसचा पासवर्ड काढ. पासवर्ड "वापरायचा नाही" असं ठरवणं पुरेसं नाही, त्या मशीनवर तो असताच कामा नये. त्यानंतर:

```sql
TRUNCATE sms_queue;
UPDATE sabhasad
SET mobile = '0000000000', bank_khate = 'TEST';
```

मोबाईल रिकामा करू नकोस. रिकामा केलास तर मेसेज बांधणारा कोड त्या सभासदाला वगळून पुढे जाईल आणि तो भाग तपासायचाच राहील. नंबर खोटा असू दे, मेसेज पाठवण्याऐवजी फाइलीत लिहिला जाऊ दे, ती फाइल वाच.

संस्थांच्या पीसीवर स्क्रिप्टसाठी वेगळा युझर कर, त्याला फक्त SELECT चा अधिकार. तो तसाच कायमचा राहू दे, चालू झाल्यावरही.

---

शाहूपुरीचा_सुजित · मंगळवार, रात्री ११:४०

मेसेजचा जॉब दर मिनिटाला आहे. इमेज घेतली आहे, अजून चालू केलेली नाही. नेटवर्क तोडूनच चालू करतो. अण्णा, सॅम्पलचं सांगा ना. पहिल्या ५०० चालतील?

---

कागलचे_पाटील · बुधवार, सकाळी ८:५०

मी प्रोग्रॅमवाला नाही, संस्थेचा सचिव आहे. आत्ताच सकाळचं संकलन उरकलं म्हणून लिहितोय. पहिल्या ५०० नोंदी म्हणजे कुठल्या? सॉफ्टवेअर बसवलं त्या आठवड्यातल्या असतील तर त्यात अर्ध्या आमच्या ऑपरेटरने शिकताना घातलेल्या असतात. "टेस्ट टेस्ट" नावाचा सभासद पण सापडेल.

खरं संकलन कसं असतं ते सांगतो. एकाच सभासदाची म्हैस पण असते आणि गाय पण, दोन्हीचं दूध एकाच वेळी येतं. काहींच्या दोन म्हशी, दोन कॅन, दोन्हींची फॅट वेगळी, म्हणून पावत्या पण दोन. कोणी चुकीच्या कोडवर घातलं तर संध्याकाळी दुरुस्ती होते. कोणाचं दूध नासकं निघालं की नोंदच काढून टाकतात. आणि वीज गेली की वहीत लिहून दुपारी चढवतात. हे सगळं तुमच्या सॅम्पलमध्ये आहे का ते बघा.

---

अण्णा_मंगळवारपेठ · बुधवार, दुपारी १:१५

पाटीलसाहेबांनी माझं काम हलकं केलं. सुजित, सॅम्पल नोंदींच्या संख्येवरून ठरवायचं नसतं. दोन दिवस घे, दोन्ही पाळ्या, सात-आठ सभासद. पण दिवस निवडून घे: महिन्याची १० आणि ११ तारीख, कारण तिथे एक बिल संपतं आणि दुसरं सुरू होतं. सभासद पण निवडून घे. एक दोन कॅनवाला, एक गाय-म्हैस दोन्हीवाला, एक ज्याचा कोड शून्याने सुरू होतो, एक ज्याची दुरुस्ती झाली आहे, एक ज्याची नोंद रद्द झाली आहे, आणि एक अगदी पहाटे येणारा. बाकीचे साधे.

एवढ्या थोड्या नोंदी असल्या की उत्तर तुला हाताने काढता येतं. कागदावर आधी लिहून ठेव: अमुक तारखेला एकूण लिटर किती, अमुक सभासदाचे किती. मग जॉब चालव आणि जुळव. उत्तर आधी लिहिलेलं नसलं की टेबलात जे दिसतं तेच आपल्याला बरोबर वाटायला लागतं.

५०० किंवा ५०,००० नोंदींची पूर्ण प्रत नंतर लागेल, पण ती वेळ मोजायला.

---

शाहूपुरीचा_सुजित · गुरुवार, रात्री ९:१०

अण्णा, पाटीलकाका, तुम्ही म्हणालात तसं सॅम्पल केलं. मार्च २०२५ ची १० आणि ११ तारीख, आठ सभासद. कागदावर: ३६ नोंदी, २३९.५ लिटर. १० तारखेचे ११८.५, ११ तारखेचे १२१.०.

पहिल्यांदा चालवलं. एरर काही नाही, लॉगमध्ये "३६ नोंदी पूर्ण". टेबलात मोजल्या तर ३५. लिटर २३३.०. म्हणजे ६.५ लिटर गायब.

शोधायला वेळ लागला नाही कारण सभासद आठच. 0042 कोडचा सभासद, ११ तारखेची सकाळ, म्हशीचं दूध: दोन पावत्या, ६.५ आणि ४.०. टेबलात फक्त ४.० आहे. माझी युनिक की अशी होती:

```sql
ON CONFLICT (sanstha, sabhasad, dinank, pali, prakar)
DO UPDATE SET litre = EXCLUDED.litre, fat = EXCLUDED.fat
```

दुसरा कॅन आला आणि पहिल्यावर चढला. आता की मध्ये संस्थेचा कोड आणि त्या पीसीवरचा नोंदीचा आयडी घेतलाय: (sanstha, nond_id). ३६ आल्या, २३९.५ लिटर जुळले.

---

अण्णा_मंगळवारपेठ · गुरुवार, रात्री १०:००

छान सापडलं. तू नोंदी एकेक करून टाकतोस म्हणून हे गुपचूप घडलं. सगळ्या एकाच INSERT मध्ये दिल्या असत्यास तर पोस्टग्रेसने एकाच ओळीला दोनदा हात लावता येत नाही म्हणून तिथेच एरर दिली असती. आणि लॉगमधले "३६ पूर्ण" हे तू किती पाठवल्या त्याचा आकडा आहे, किती उरल्या त्याचा नाही. लॉगमध्ये नव्या किती, बदललेल्या किती, असे वेगळे आकडे छाप. तेव्हा ३५ नव्या आणि १ बदललेली असं दिसलं असतं. रिकाम्या टेबलावर पहिल्याच फेरीत "बदललेली" आली म्हणजे काहीतरी कशावर तरी चढलंय.

आता तोच जॉब, मागची वेळ मागे नेऊन, त्याच सॅम्पलवर परत चालव. नवी ० आणि बदललेली ० यायला हवी. बदललेली ३६ आली तर स्क्रिप्ट काही फरक नसतानाही ओळ लिहितेय, आणि तुझ्याकडे नोंद लिहिली की मेसेज जातो.

आणि नुसती एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नकोस. तारखेप्रमाणे जुळव.

---

मेघा_गारगोटी · गुरुवार, रात्री १०:२०

मान्य, हे ड्राय-रनमध्ये दिसलं नसतं. आमच्या हजेरीत एका माणसाची दिवसाला एकच नोंद असते, म्हणून आम्हाला कधी त्रास झाला नसावा. पण सुजितदादा, एकूण बेरीज जुळली तर तारखेची का नाही जुळणार?

---

शाहूपुरीचा_सुजित · शुक्रवार, रात्री ८:३०

मेघा, नाही जुळत! दुसऱ्या फेरीत खरंच ३६ बदलल्या आणि मेसेजच्या फाइलीत सगळे मेसेज दुसऱ्यांदा पडले होते. फरक असेल तरच लिहायचं केलं, आता ०-०. पण तारखेप्रमाणे बघितलं तर बिलाच्या क्वेरीत:

१० मार्च १२९.० लिटर, ११ मार्च ११०.५ लिटर.

कागदावर ११८.५ आणि १२१.०. बरोबर १०.५ लिटर ११ तारखेवरून १० वर गेलेत. १०.५ म्हणजे परत तोच 0042, ६.५ अधिक ४.०. दोन्ही पावत्या सकाळी ५:१५ आणि ५:१७ च्या. लॅपटॉपवर हीच क्वेरी बरोबर आकडे देते. तोच डेटा, तोच कोड. बाकी सगळ्या सकाळच्या नोंदी जागच्या जागी आहेत, फक्त या दोनच सरकल्या.

---

अण्णा_मंगळवारपेठ · शुक्रवार, रात्री ९:०५

तुझा लॅपटॉप भारतीय वेळेवर आहे आणि सर्व्हर यूटीसीवर. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे ५:३० च्या आधी आपल्याकडे जे घडतं ते यूटीसीत आदल्या तारखेला घडलेलं असतं. नोंद टेबलात बरोबर पडली आहे, वेळही बरोबर आहे. बिलाच्या क्वेरीत तू वेळेची तारीख करताना कुठल्या प्रदेशाची तारीख ते सांगत नाहीस, म्हणून सर्व्हर त्याची तारीख काढतो. स्टेजिंगच्या psql मध्ये हे चालवून बघ:

```sql
SELECT
 (t AT TIME ZONE 'UTC')::date,
 (t AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
FROM (SELECT '2025-03-11 05:15+05:30'::timestamptz AS t) x;
```

पहिला रकाना १० मार्च दाखवेल, दुसरा ११. बिलाच्या क्वेरीत जिथे जिथे ::date आहे तिथे दुसऱ्या प्रकारे लिही. सर्व्हरचीच वेळ भारतीय करून टाकायचा मोह होईल. नको. उद्या सर्व्हर बदलला की कोणाच्या लक्षात राहणार नाही आणि चूक जशीच्या तशी परत येईल.

आणि यातली वाईट गोष्ट बघ. साडेपाचच्या आधी येणारे सभासद थोडे. महिन्याची बेरीज जवळपास जुळते. ५ तारखेचं दूध ४ ला दिसलं तरी बिल तेच राहतं. फक्त ११, २१ आणि १ तारखेच्या पहाटेचं दूध मागच्या बिलात जातं, आणि मागचं बिल आधीच निघालेलं असलं तर त्या दुधाचे पैसे कुठल्याच बिलात येत नाहीत. म्हणून १०-११ तारीख घे म्हणालो होतो.

---

कागलचे_पाटील · शनिवार, सकाळी ९:१०

पहाटे लवकर येणारे म्हणजे बहुतेक उसाच्या फडावर किंवा एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे. महिन्यातून तीन वेळा त्यांचंच दूध बुडालं असतं आणि ते सांगत आले असते तर आम्ही म्हटलं असतं, कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसतंय. चांगलं सापडवलंत.

पण मला दुसरी शंका आहे. पावसाळ्यात राधानगरीकडे दोन-दोन दिवस नेट नसतं. दर १५ मिनिटांनी तुम्ही येणार आणि पीसी भेटणारच नाही. मग तेव्हाचं दूध?

---

शाहूपुरीचा_सुजित · शनिवार, सकाळी १०:००

काका, एखादी संस्था लागली नाही तर स्क्रिप्ट लॉगमध्ये लिहिते आणि पुढच्या संस्थेकडे जाते. परत लागली की पुढच्या फेरीत उचलेल. हे झालेलं आहे.

---

अण्णा_मंगळवारपेठ · शनिवार, सकाळी ११:३०

झालेलं आहे की चालवून बघितलंय? तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये "मागच्या वेळेनंतर बदललेल्या नोंदी" असं लिहिलंयस. ही मागची वेळ कुठे ठेवतोस? सहा संस्थांची मिळून एक, की प्रत्येकीची वेगळी?

---

शाहूपुरीचा_सुजित · शनिवार, दुपारी ४:४५

एकच. last_run नावाचा एकच आकडा, जॉब संपला की तेव्हाची सर्व्हरची वेळ त्यात.

तपासलं. सॅम्पलच्या दोन संस्था केल्या, दुसरीचा पोर्ट फायरवॉलने बंद केला, दोन्हींत सकाळी ६:०५ ची नोंद घातली. ६:१५ ची म्हणून एक फेरी चालवली. पहिलीची आली, दुसरी लागली नाही, last_run ६:१५ झाला. पोर्ट उघडला, ६:३० ची फेरी चालवली. स्क्रिप्टने दुसऱ्या संस्थेला विचारलं, "६:१५ नंतर काय बदललं?" उत्तर आलं, काही नाही. ६:०५ ची नोंद कायमची मागे राहिली, आणि लॉग म्हणतो सगळं पूर्ण.

आता प्रत्येक संस्थेची वेळ वेगळी. आणि सर्व्हरची वेळ ठेवण्याऐवजी त्या पीसीकडून आलेल्या नोंदींतला सगळ्यात पुढचा updated_at ठेवतोय, म्हणजे पीसीचं घड्याळ मागे-पुढे असलं तरी त्याचा हिशेब त्याच्याशीच. नोंदी आणि ही वेळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितोय. मध्येच kill -9 मारून बघितलं, परत चालवल्यावर बेरीज जुळली.

---

अण्णा_मंगळवारपेठ · शनिवार, संध्याकाळी ६:१०

उत्तम. त्यात एक भर घाल. विचारताना त्या वेळेच्या १० मिनिटं मागून विचार. शेवटच्या सेकंदाला दोन नोंदी पडल्या आणि तू त्यातली एकच बघितलीस तर दुसरी हुकते. थोडं मागून घेतलं तर काही नोंदी परत येतील, पण परत आलेल्यांनी काही बिघडत नाही हे तू ०-० वाल्या फेरीत सिद्ध केलंयस.

---

शिरोली_फौंड्री · शनिवार, रात्री ८:००

पाटीलसाहेब म्हणाले नोंद काढूनच टाकतात. काढलेल्या नोंदीला updated_at कुठला? ती कशी कळणार तुम्हाला?

---

शाहूपुरीचा_सुजित · रविवार, सकाळी १०:२०

नाही कळत. सॅम्पलमधली रद्द नोंद मी पीसीवर DELETE केली, जॉब चालवला, आमच्याकडे ती तशीच. नासक्या दुधाचे पैसे देऊन बसलो असतो. दादा, तुमचा मुद्दा बरोबर निघाला.

रोज रात्री शेवटच्या १२ दिवसांचे नुसते आयडी प्रत्येक पीसीकडून आणायचे आणि आपल्याकडे आहे पण तिकडे नाही ती नोंद "रद्द" अशी खूण करायची, पुसायची नाही, असं लिहिलंय. आणि तुमच्या रिकाम्या डिस्कचा धडा म्हणून एक अट: एका संस्थेच्या ५ पेक्षा जास्त नोंदी एका रात्रीत रद्द होणार असतील तर काही न करता थांबायचं आणि मला मेसेज करायचा. पीसीवरचं टेबल रिकामं करून चालवलं. थांबला.

---

मेघा_गारगोटी · रविवार, सकाळी ११:००

मग आता क्रॉन चालू करायला हरकत नाही ना? की अजून काही?

---

अण्णा_मंगळवारपेठ · रविवार, दुपारी १२:३०

हाताने चालतं ते क्रॉनमध्ये चालेलच असं नाही. क्रॉनला तुझा PATH नसतो, तुझ्या लॉगिनमध्ये येणारी व्हेरिएबल नसतात. आधी असं चालव:

```
env -i HOME=$HOME PATH=/usr/bin:/bin /bin/sh -c /opt/dudh/sync.sh
```

यात पायथन सापडला नाही किंवा पासवर्ड मिळाला नाही तर क्रॉनमध्येही मिळणार नाही. मग सगळ्या नोंदींच्या पूर्ण प्रतीवर पहिली फेरी चालव आणि घड्याळ लाव. पहिली फेरी १५ मिनिटांपेक्षा लांबली तर दुसरी तिच्या अंगावर सुरू होईल. म्हणून पहिली हातानेच कर, आणि क्रॉनच्या ओळीत कुलूप घाल:

```
*/15 * * * * flock -n /tmp/dudh.lock /opt/dudh/sync.sh >> /var/log/dudh.log 2>&1
```

कुलूप असलं की flock काही न बोलता परत जातो. तेव्हा प्रत्येक संस्थेची शेवटची यशस्वी फेरी किती वाजता झाली ते वेगळं बघत राहा. नाहीतर एखादी फेरी अडकून बसली तर बाकीच्या सगळ्या शांतपणे परत जातील आणि लॉगमध्ये एरर एकही नसेल.

आणि वेळापत्रक आधी स्टेजिंगवरच चालू कर. स्टेजिंगला व्हीपीएन उघडून दे, फक्त संस्थांच्या पीसीपुरतं. नोंदी खऱ्या येऊ देत, पडू देत स्टेजिंगच्या टेबलात. पूर्ण एक बिल जाऊ दे, १ ते १० किंवा ११ ते २०, आणि ११ किंवा २१ ची पहाट त्यात धर. संस्थेचं छापील बिल आणि तुझं बिल सभासदवार शेजारी ठेव.

---

कागलचे_पाटील · रविवार, रात्री ८:४०

दर १५ मिनिटांनी म्हणजे सकाळी ६ ते ८ मध्ये पण येणार. तेव्हा काट्यापाशी रांग असते. पीसी पाच सेकंद अडकला तरी माणसं ओरडतात. संकलन संपल्यावर दिवसातून दोनदाच या की.

---

शाहूपुरीचा_सुजित · रविवार, रात्री ९:१५

काका, मेसेज लगेच मिळावा ही संस्थांचीच मागणी आहे, म्हणून १५ मिनिटं.

---

अण्णा_मंगळवारपेठ · रविवार, रात्री ९:५०

पाटीलसाहेबांची भीती खोटी नाही. सुजित, प्रत्येक पीसीवर SHOW TABLE STATUS चालवून Engine चा रकाना बघ. InnoDB असेल तर तुझ्या वाचण्याने त्यांचं लिहिणं अडत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये MyISAM असतं, तिथे तू वाचत असेपर्यंत पूर्ण टेबलाला कुलूप लागतं आणि काट्याची नवी नोंद बाहेर थांबू शकते, दुरुस्ती तर थांबतेच. त्यात updated_at वर इंडेक्स नसेल तर तू दर वेळी अख्खं टेबल चाळणार. हे स्टेजिंगवर कळणार नाही, तिथे काट्यावर रांग नसते.

---

शाहूपुरीचा_सुजित · सोमवार, रात्री १०:१०

सहापैकी चार InnoDB, दोन MyISAM. त्या दोघांचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं आहे, मी त्यांच्या टेबलाला हात लावू शकत नाही, इंडेक्स पण नाही घालू शकत. त्या दोन संस्थांना सकाळी ९ आणि रात्री ९ अशी वेळ ठेवतो, बाकी चार १५ मिनिटांनी. त्या दोन ठिकाणी मेसेज उशिरा जातील, सचिवांशी बोलून घेतो. स्टेजिंगचं वेळापत्रक उद्यापासून.

---

कागलचे_पाटील · मंगळवार, सकाळी ९:००

एक आठवलं म्हणून लिहितो. आमचा पीसी मागे जळाला होता, नवीन आणून सॉफ्टवेअर परत बसवलं तेव्हा नोंदी पुन्हा १ पासून सुरू झाल्या. तुम्ही तो आयडी की मध्ये घेतलाय ना?

---

शाहूपुरीचा_सुजित · मंगळवार, सकाळी ९:४०

काका, मग नवीन १ नंबर आमच्याकडच्या जुन्या १ नंबरवर चढेल. की मध्ये तारीख पण घालतो: (sanstha, nond_id, dinank).

---

अण्णा_मंगळवारपेठ · मंगळवार, दुपारी १:०५

तारीख घातलीस तर ऑपरेटरने तारीख दुरुस्त केली की तीच नोंद दोनदा दिसेल, जुन्या तारखेला एक आणि नव्या तारखेला एक. तुझी रात्रीची तुलना आयडी आणि तारीख दोन्ही बघत असेल तर जुनी रद्द होईल, नुसता आयडी बघत असेल तर नाही होणार, आणि तोपर्यंत मेसेज दोनदा गेलेला असेल. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक पीसीला एक क्रमांक द्यायचा, पीसी बदलला की क्रमांक बदलायचा आणि की मध्ये तारखेऐवजी तो घ्यायचा. पण पीसी बदलला हे तुला कोणीतरी कळवलं पाहिजे. यातलं कुठलं पत्करायचं ते सहा सचिवांना विचारून ठरव. दोन्ही सॅम्पलवर चालवून बघ: एक नोंद तारीख बदलून, आणि एक संस्था १ पासून परत सुरू करून.

---

मेघा_गारगोटी · मंगळवार, दुपारी ३:३०

पीसी बदलल्याचं कळण्यासाठी एक सुचवते. एखाद्या संस्थेचा सगळ्यात मोठा आयडी मागच्या फेरीपेक्षा एकदम खाली आला तर तीही थांबायची अट कर. शेवटच्या एक-दोन नोंदी कोणी काढल्या तर आयडी थोडाच खाली येईल, तो चालवून घ्यायचा.

---

शाहूपुरीचा_सुजित · मंगळवार, रात्री ९:२०

हे घालतो मेघा. आज रात्री दोन्ही प्रकार सॅम्पलवर चालवतो आणि आकडे इथे टाकतो. काका, तुमच्या जुन्या पीसीच्या शेवटच्या आठवड्याचा आणि नव्याच्या पहिल्या आठवड्याचा बॅकअप असेल तर मिळेल का? नावं-नंबर काढून दिलात तरी चालेल, मला आयडी, तारीख, पाळी आणि लिटर एवढंच हवंय.

---

कागलचे_पाटील · मंगळवार, रात्री ९:४५

नव्याचा आहे. जुन्याचा फक्त छापील रजिस्टरमध्ये आहे, ऑपरेटरला बसवून एक्सेलमध्ये उतरवून घेतो. गुरुवारी संस्थेत या, संध्याकाळचं संकलन संपल्यावर.